पायरुविक आम्लाची अडलेली वाट : पायरुवेट डिहायड्रोजिनेज संकुलाच्या शोधाचा इतिहास

प्रास्ताविक

जीवरसायनशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात ग्लायकोलिसिसचा तक्ता एका पानावर असतो आणि सायट्रिक आम्ल चक्राचा दुसऱ्या पानावर. पहिल्या तक्त्याच्या तळाशी पायरुविक आम्ल असते. दुसऱ्याच्या माथ्यावर ॲसेटिल सहविकर-ए असतो. या दोहोंना जोडणारा एक बाण असतो व त्या बाणावर पायरुवेट डिहायड्रोजिनेज हे नाव लिहिलेले असते. विद्यार्थी तो बाण पाठ करतो आणि पुढे जातो. प्रस्तुत निबंधात या एकाच बाणाचा इतिहास पाहावयाचा आहे. हा इतिहास मुद्दाम मांडण्याचे कारण असे, की ग्लायकोलिसिस आणि सायट्रिक आम्ल चक्र यांच्या पायऱ्या मुख्यतः निरोगी ऊतींच्या अभ्यासातून एकामागून एक उलगडत गेल्या. परंतु त्यांना सांधणारा दुवा आधी ओळखला गेला तो तुटलेल्या अवस्थेत. निकृष्ट अन्नाने आजारी पडलेली कबुतरे आणि युद्धासाठी तयार केलेले सोमलाचे विष या दोन बिघाडांनी त्याचे स्थान दाखविले. ते विकर प्रत्यक्ष हाती लागले ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी.

कबुतरांचा मेंदू

जीवनसत्त्व ब-१ म्हणजे थायामिनच्या शोधाची पूर्वकथा सर्वपरिचित आहे. डच वैद्य क्रिस्तिआन आयकमन यांनी बटाव्हिया येथे १८९० च्या दशकात सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा मज्जाविकार जडतो असे पाहिले. त्यांचे सहकारी खेरित ग्रिन्स यांनी १९०१ मध्ये त्याचा अचूक अर्थ लावला : तांदळात विष नसून, कोंड्याबरोबर आवश्यक असे काहीतरी निघून जाते. ते द्रव्य यान्सेन व डोनाथ यांनी १९२६ साली जावा बेटावरच स्फटिकरूपात मिळविले. त्याची रचना निश्चित करून १९३६ साली ते प्रयोगशाळेत तयार करणारे रॉबर्ट विल्यम्स हे मिशनरी दांपत्याचे पुत्र. त्यांचा जन्म आपल्याकडील नेल्लोरचा. एवढी प्रगती होऊनही एक प्रश्न अनुत्तरित होता. हे द्रव्य शरीरात नेमके करते काय ?

या प्रश्नाला हात घातला तो ऑक्सफर्डचे प्राध्यापक रुडॉल्फ पीटर्स यांनी. त्यांच्या प्रयोगशाळेत कबुतरांना केवळ सडीक तांदूळ भरविला जात असे. सुमारे तीन आठवड्यांत पक्ष्याची मान मागे वळून पाठीला टेके, त्याला उभे राहता येत नसे आणि उपचार न झाल्यास तो मरे. मात्र थायामिनचा अंश टोचताच हाच पक्षी काही तासांत पुन्हा चालू-फिरू लागे. पीटर्स यांच्या मते या तत्परतेतच खरा अर्थ दडलेला होता. मज्जातंतूंचा नाश झाला असता तर ते काही तासांत पुन्हा घडले नसते. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसू शकेल अशी इजा होण्यापूर्वीच एखादी रासायनिक क्रिया अडली असली पाहिजे. या अवस्थेला त्यांनी जे नाव दिले त्याचा मराठीत ‘जीवरासायनिक क्षत’ असा अनुवाद करता येईल. रोग म्हणजे अवयवातील दृश्य बदल, ही विषारीरशास्त्राची तोवरची कल्पना होती. रोगाचे स्थान एखाद्या विकराच्या पायरीपर्यंत नेऊन दाखविता येईल, असा दावा येथे प्रथमच इतक्या निःसंदिग्धपणे मांडला गेला. तो सिद्ध करावयाचा तर ती पायरी दाखविणे भाग होते.

पहिला धागा मिळाला तो लॅक्टिक आम्लाचा. किनर्स्ली आणि पीटर्स यांना १९३० च्या सुमारास असे आढळले, की आजारी कबुतराच्या मेंदूच्या खालच्या भागात लॅक्टिक आम्ल साठते व उपचारानंतर ते ओसरते. पुढील प्रयोग गॅव्ह्रिलेस्कू आणि पीटर्स यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याची मांडणी साधी होती. आजारी पक्ष्याच्या मेंदूचा लगदा करून तो ग्लुकोज किंवा लॅक्टेट यांसह बंद कुपीत ठेवावयाचा आणि तो किती ऑक्सिजन शोषतो हे वायुदाबमापकाने मोजावयाचे. निरोगी मेंदूच्या तुलनेत हे शोषण कमी भरले. याच कुपीत थायामिनचा अत्यल्प अंश मिसळला असता ते वाढले. निरोगी पक्ष्याच्या मेंदूत तोच अंश मिसळला असता मात्र काही फरक पडला नाही. म्हणजे ही वाढ उत्तेजकाची नव्हती. उणीव भरून काढल्याची होती. जीवनसत्त्वाचा परिणाम अखंड प्राण्याबाहेर, काचेच्या कुपीत, मोजता येण्याचा हा पहिलाच प्रसंग म्हटला पाहिजे.

तथापि लॅक्टिक आम्ल हे अडलेल्या पायरीचे मूळ द्रव्य नव्हते. १९३४ मध्ये पीटर्स आणि थॉम्प्सन यांनी दाखविले, की लगद्यात साठणारे द्रव्य पायरुविक आम्ल असून थायामिन मिसळताच ते नाहीसे होते. लॅक्टेट आधी का दिसले हे आज सहज सांगता येते. पुढची वाट बंद झाली म्हणजे पायरुवेट तुंबते; ग्लायकोलिसिसमध्ये निघालेला हायड्रोजन ते स्वीकारते आणि लॅक्टेट बनते. धरणाच्या भिंतीशी अडलेले पाणी बाजूच्या चरात उतरावे, तसे हे लॅक्टेट होय. चरातील पाणी मोजावयास सोपे होते, एवढाच त्याचा अर्थ. १९३५ साली थॉम्प्सन व जॉन्सन यांना आजारी कबुतरांच्या व उंदरांच्या रक्तातही पायरुवेट वाढलेले सापडले. त्याच सुमारास शांघायमध्ये बेंजामिन प्लॅट आणि लू ग्वेई-जेन बेरीबेरीच्या रुग्णांचे रक्त तपासत होते. तेथेही तेच द्रव्य वाढलेले होते. प्रयोगशाळेतील पक्षी आणि रुग्णशय्येवरील माणूस यांचा रोग एकाच रेणूपाशी येऊन मिळाला.

सहविकर आणि अपुरा नकाशा

थायामिन हे पायरुवेटच्या पायरीवर काम करते एवढे कळले. पण कोणत्या रूपात हे कळण्यासाठी यीस्टची मदत झाली. यीस्टमधील एक विकर पायरुवेटमधून कार्बन डायऑक्साइड काढून टाकते, हे नॉयबर्ग यांनी १९११ मध्येच दाखविले होते. या विकराला लागणारा उष्णतास्थिर सहविकर म्हणजे दोन फॉस्फेट गट जोडलेले थायामिन होय, असे लोमान व शुस्टर यांनी १९३७ मध्ये सिद्ध केले. (एटीपी हा रेणू १९२९ साली प्रथम मिळविणारे लोमान हेच.) थायामिनच्या कडीतील दोन क्रमांकाचा कार्बन हायड्रोजन सोडून देतो आणि पायरुवेटच्या मधल्या कार्बनला पकडतो, त्यामुळे शेजारचा कार्बन डायऑक्साइड सैल होऊन निघून जातो. ही यंत्रणा ब्रेस्लो यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात उलगडली. पायरुवेटमधून कार्बन डायऑक्साइड आपोआप सहजी निघत नाही, कारण मागे राहणाऱ्या इलेक्ट्रॉनांना आश्रय नसतो. थायामिनची गंधकयुक्त कडी तो आश्रय देते. जीवनसत्त्व लागते ते नेमके येथे.

यीस्टमध्ये ही क्रिया ॲसेटाल्डिहाइडपाशी थांबते. त्यातूनच पुढे मद्यार्क तयार होतो. कबुतराच्या मेंदूत मात्र ॲसेटाल्डिहाइड सापडत नाही. तेथे ऑक्सिडीकरण होते. १९३८-३९ मध्ये सेगेडहून आलेल्या इलोना बांगा आणि स्पेनमधील यादवीमुळे देश सोडावा लागलेले सेव्हेरो ओचोआ हे दोघेही ऑक्सफर्डमध्ये पीटर्स यांच्याकडे होते. पेशी पूर्णपणे फोडलेल्या मेंदूच्या द्रवात त्यांना असे आढळले, की साध्या थायामिनने काही होत नाही; फॉस्फेटयुक्त रूपच हवे. शिवाय फॉस्फेट, ॲडेनिन न्यूक्लिओटाइड व फ्युमारिक आम्लासारखे चार कार्बनांचे एखादे आम्ल यांचीही आवश्यकता असते. चार कार्बनांच्या आम्लाची ही गरज सूचक होती. दोनच वर्षांपूर्वी, १९३७ साली, शेफील्ड येथे हान्स क्रेब्ज यांनी सायट्रिक आम्ल चक्र मांडले होते. योगायोग असा, की तेही कबुतराच्याच, परंतु छातीच्या स्नायूवर. चक्र फिरावयास ऑक्झॅलोॲसेटिक आम्ल लागते, ते चार कार्बनांचे असते. परंतु त्याच्याशी संयोग पावून सायट्रिक आम्ल बनविणारा दोन कार्बनांचा घटक कोणता, हे क्रेब्ज यांना सांगता आले नव्हते. पुढील काही वर्षे त्याला ‘क्रियाशील ॲसिटेट’ असे मोघम नाव देऊन काम भागविले गेले. नकाशावर नदीचे दोन्ही किनारे होते, पूल नव्हता.

सोमलाने दिलेली साक्ष

यानंतरचा टप्पा युद्धाने घडविला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तयार झालेले ल्यूइसाइट हे सोमलयुक्त विष दुसऱ्या महायुद्धात वापरले जाईल अशी ब्रिटिशांना भीती होती. त्यावर उतारा शोधण्याचे काम पीटर्स यांच्या गटाकडे आले. हा विषय त्यांना परका नव्हता. पहिल्या युद्धात विषारी वायूंवरील संशोधनात त्यांचा सहभाग होता. मेंदूतील पायरुवेटचे ऑक्सिडीकरण सोमलापुढे विलक्षण हळवे आहे, असे त्यांच्या लक्षात आले. म्हणजे जे विकर थायामिनच्या अभावी बंद पडते, तेच सोमलानेही बंद पडते.

सोमल गंधक-हायड्रोजन गटांना चिकटतो हे आधीपासून माहीत होते. त्या समजुतीप्रमाणे ग्लुटाथायोनसारखे एकच असा गट असलेले द्रव्य भरपूर दिले तर विष निष्प्रभ व्हावयास हवे होते. तसे झाले नाही. स्टॉकेन आणि थॉम्प्सन यांनी केसांतील केराटिन या प्रथिनावर ल्यूइसाइटची क्रिया करून पाहिली, तेव्हा बांधल्या गेलेल्या सोमलाचा बराचसा भाग एकेका अणूमागे दोन गंधक गट या प्रमाणात अडकलेला दिसला. यावरून त्यांनी असा तर्क केला, की सोमलाचे घातक बंधन कडीचे आहे : जवळजवळच्या दोन गंधकांमध्ये तो अणू चिमट्यात सापडल्यासारखा बसतो. तसे असेल तर उताऱ्यातही दोन गंधक शेजारी शेजारी हवेत. या तर्कातून डायमर्कॅप्टोप्रोपेनॉल हे द्रव्य १९४० मध्ये तयार झाले. ते सोमलाला विकरापासून सोडवून स्वतःकडे ओढून घेते. युद्धात ल्यूइसाइट त्या प्रमाणात वापरले गेले नाही आणि हे संशोधन १९४५ साली प्रकाशित झाले. सोमल व पारा यांच्या विषबाधेवर हा उतारा नंतर रुग्णालयांतून प्रचलित झाला.

इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट वेगळी आहे. पायरुवेटचे ऑक्सिडीकरण करणाऱ्या यंत्रणेत दोन गंधक गट शेजारी शेजारी असले पाहिजेत, हे अनुमान १९४० च्या दशकातच हाती आले होते. असा कोणताही सहविकर त्या वेळी कोणाला ठाऊक नव्हता. विषाने दिलेली ही साक्ष, तिला दुजोरा देणारा रेणू मिळेपर्यंत सुमारे दहा वर्षे तशीच पडून राहिली.

तीस मिलिग्रॅम स्फटिक

तो रेणू आला जिवाणूंच्या अभ्यासातून. काही जिवाणूंना पायरुवेटचे ऑक्सिडीकरण करण्यास यीस्टच्या अर्कातील एक अनामिक घटक लागतो, असे ओकेन व गन्सॅलस यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस दाखविले. तो वेगळा काढण्याचे अवघड काम टेक्सास विद्यापीठातील तरुण रसायनज्ञ लेस्टर रीड यांनी गन्सॅलस व एका औषधनिर्मिती संस्थेतील सहकाऱ्यांसह पार पाडले. १९५१ साली गुरांच्या यकृताच्या सुमारे दहा टन अवशेषांतून त्यांच्या हाती जेमतेम ३० मिलिग्रॅम पिवळसर स्फटिक आले. हे लायपोइक आम्ल. आठ कार्बनांच्या साखळीच्या टोकाशी पाच अणूंची कडी आणि त्या कडीत एकमेकांना जोडलेले दोन गंधक, अशी त्याची रचना निघाली. हे बंधन उघडले की दोन गंधक-हायड्रोजन गट जवळजवळ मोकळे होतात. सोमलाला हवा असलेला चिमटा तो हाच.

त्याच सुमारास पलीकडचा किनाराही स्पष्ट झाला. फ्रिट्झ लिपमान यांनी १९४५ च्या सुमारास सहविकर-ए शोधला होता व त्यात पँटोथेनिक आम्ल हे जीवनसत्त्व असल्याचे दाखविले होते. १९५१ मध्ये लिनेन यांनी ‘क्रियाशील ॲसिटेट’ म्हणजे या सहविकराच्या गंधकाला जोडलेला ॲसेटिल गट होय, हे सिद्ध केले. पीटर्स यांच्याकडून अमेरिकेत गेलेल्या ओचोआ यांच्या प्रयोगशाळेत त्याच वर्षी ॲसेटिल सहविकर-ए आणि ऑक्झॅलोॲसेटिक आम्ल यांपासून सायट्रिक आम्ल बनविणारे विकर स्फटिकरूपातील शुद्धतेने हाताळले गेले. चौदा वर्षांपूर्वी क्रेब्ज यांनी मोकळी ठेवलेली जागा भरली गेली.

आता संपूर्ण क्रिया सलग सांगता येते. पहिले विकर थायामिनच्या साहाय्याने पायरुवेटमधील एक कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने काढून टाकते. उरलेला दोन कार्बनांचा तुकडा लायपोइक आम्लाच्या कडीवर जातो. त्यासरशी कडी उघडते, एका गंधकावर ॲसेटिल गट बसतो व दुसऱ्यावर हायड्रोजन. दुसरे विकर हा ॲसेटिल गट सहविकर-ए कडे सोपविते. आता लायपोइक आम्लाचे दोन्ही गंधक हायड्रोजनयुक्त असतात आणि कडी पुन्हा मिटल्याखेरीज पुढचा फेरा होत नाही. तिसरे विकर आपल्या फ्लेव्हिनच्या द्वारे तो हायड्रोजन काढून NAD⁺ ला देते. अशा रीतीने थायामिन, लायपोइक आम्ल, सहविकर-ए, FAD व NAD⁺ असे पाच सहविकर एकाच कामावर असतात. त्यांपैकी चार आहारातील जीवनसत्त्वांपासून बनतात. लायपोइक आम्ल शरीर स्वतः घडविते. तिसऱ्या विकराची एक गंमत नोंदवून ठेवावीशी वाटते. स्ट्राउब यांनी १९३९ सालीच ते ‘डायाफोरेज’ या नावाने वेगळे केले होते; पण त्याचे शरीरातील काम कोणालाच ठाऊक नव्हते. ते लायपोइक आम्लाची कडी मिटविणारे विकर आहे हे मॅसी यांनी १९५८ मध्ये ओळखले. जवळजवळ वीस वर्षे तो एक बेकार कामगार होता.

रीड यांचे पुढील कार्य या तिन्ही विकरांच्या एकत्र असण्याविषयी आहे. १९६० च्या सुमारास त्यांच्या गटाने ई. कोलाय या जिवाणूतून हे संकुल अखंड मिळविले. त्याचे रेणुभार काही दशलक्षांत भरले. ते तिन्ही विकरांत वेगळे करता आले आणि ती पुन्हा एकत्र मिसळताच संकुल आपोआप जुळून आले. मध्यभागी दुसऱ्या विकराचा गाभा असतो; जिवाणूत तो २४ उपघटकांचा, तर सस्तन प्राण्यांत दुसरे विकर व त्याच्याशी साम्य असलेले एक बंधक प्रथिन मिळून ६० उपघटकांचा असतो. पहिले व तिसरे विकर या गाभ्याभोवती बसतात. लायपोइक आम्ल गाभ्यातील लायसिनला टांगलेले असून त्यांचा मिळून सुमारे दीड नॅनोमीटर लांबीचा हात होतो. हा हात तिन्ही विकरांपर्यंत झुलत पोचतो, अशी रीड यांची कल्पना होती. तेवढी लांबी प्रत्यक्षातील अंतरांना पुरत नाही असे पुढे लक्षात आले. हाताबरोबर त्याला धरून असलेला प्रथिनाचा भागच लवचीक दोरावर हलतो, हे केंब्रिजच्या पेरहॅम यांच्या गटाने दाखविले. कल्पना टिकली, मात्र हात खांद्यापासून हलतो हे कळले.

शरीराने स्वतः लावलेली खीळ

आतापर्यंत ही पायरी बंद पडते ती रोगाने किंवा विषाने, असेच दिसत होते. १९६९ मध्ये ट्रेसी लिन, फ्लोरा पेटिट आणि रीड यांनी गाईच्या मूत्रपिंडातील तंतुकणिकांमधून मिळविलेल्या संकुलावर काम करताना एक निराळीच गोष्ट पाहिली. संकुलात एटीपी मिसळले की त्याची क्रियाशीलता हळूहळू नाहीशी होई. किरणोत्सारी फॉस्फरसाने चिन्हित एटीपी वापरले असता तो फॉस्फरस पहिल्या विकरावर बसलेला आढळला. संकुलाला चिकटलेले एक कायनेज फॉस्फेट लावून ते बंद करीत होते व एक फॉस्फटेज तो काढून ते पुन्हा सुरू करीत होते. तंतुकणिकेतील विकराचे असे नियमन प्रथमच समोर येत होते.

ही खीळ कशासाठी, याचे उत्तर या क्रियेच्या एकदिशा स्वरूपात आहे. प्रमाण परिस्थितीत तीत प्रत्येक मोलमागे सुमारे ३३ किलोज्यूल मुक्त ऊर्जा उतरते, त्यामुळे ती मागे फिरत नाही. प्राण्यांना ॲसेटिल सहविकर-ए पासून पुन्हा पायरुवेट बनविता येत नाही. म्हणूनच मेदाम्लांपासून साखर तयार होत नाही. ग्लायकोलिसिसच्या अखेरीपर्यंत पायरुवेट माघारी वळून ग्लुकोज होऊ शकते. हा उंबरठा ओलांडल्यावर नाही. उपवासात मेंदूला ग्लुकोज पुरवावयाचे तर स्नायूंनी व यकृताने उरलेले पायरुवेट या उंबरठ्यावर अडविणे आवश्यक ठरते. फिलिप रँडल यांनी १९६३ मध्येच मेदाम्लांचे ज्वलन ग्लुकोजच्या ज्वलनास आवर घालते असे मांडले होते. त्याची एक यंत्रणा येथे मिळाली. मेद जळू लागला की तंतुकणिकेत ॲसेटिल सहविकर-ए व NADH यांचे प्रमाण वाढते. त्यामुळे लायपोइक आम्लाचे हात उलट्या दिशेने भरलेले राहतात, म्हणजे ॲसेटिलयुक्त व हायड्रोजनयुक्त होतात. आणि अशाच हाताला धरून कायनेज अधिक जोमाने काम करते. पुढे माल साचला आहे ही वार्ता कायनेजला त्याच हाताच्या अवस्थेवरून मिळते. याउलट पायरुवेट व एडीपी कायनेजला थोपवितात. स्नायू आकुंचन पावताना सुटणारे कॅल्शियम फॉस्फटेजला जागे करते, आणि काम करणाऱ्या स्नायूला वाट मोकळी होते.

ही खीळ औषधाने काढता येईल, ही कल्पना साहजिकच पुढे आली. डायक्लोरोॲसिटेट कायनेजला रोखते, हे रँडल यांच्याच गटाने १९७३ मध्ये दाखविले. गंभीर लॅक्टिक आम्लतेच्या प्रौढ रुग्णांवरील १९९२ सालच्या चाचणीत त्याने रक्तातील लॅक्टेट उतरविले, परंतु रुग्णांच्या जगण्यात फरक पडला नाही. एका आनुवंशिक तंतुकणिका-विकारावरील चाचणी २००६ साली हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होऊ लागल्यामुळे थांबवावी लागली. लॅक्टेट हे बाजूच्या चरातील पाणी आहे, हे वर आले आहेच. चर उपसल्याने धरण दुरुस्त होत नाही.

एका रुग्णाचा हिशेब

या साऱ्या इतिहासाचा रुग्णशय्येवर काय अर्थ होतो, हे एका ठोस प्रसंगावरून पाहता येईल. १९९७ साली अमेरिकेत शिरेवाटे द्यावयाच्या बहुजीवनसत्त्व द्रावणाचा तुटवडा पडला. ज्यांचे संपूर्ण पोषण शिरेतूनच होत होते अशा काही रुग्णांना काही आठवडे ग्लुकोज मिळत राहिले, जीवनसत्त्वे मात्र मिळाली नाहीत. शरीरात थायामिनचा एकूण साठा जेमतेम तीस मिलिग्रॅमच्या आसपास असतो व तो दोनतीन आठवड्यांत आटतो. कबुतरांनाही तेवढाच अवधी लागत होता. या रुग्णांना तीव्र लॅक्टिक आम्लता झाली.

हिशेब मांडून पाहू. ग्लुकोजचा एक रेणू पायरुवेटपर्यंत येऊन लॅक्टेटमध्ये संपला तर पेशीला दोन एटीपी मिळतात. पूर्ण ज्वलन झाले तर सुमारे तीस. दुवा बंद असताना ऊर्जेची तूट भरून काढण्यासाठी पेशी ग्लुकोज अधिक वेगाने फोडते आणि लॅक्टेटचा लोंढा वाढतो. अशा वेळी अशक्त रुग्णाला ग्लुकोज वाढवून देणे हा सद्हेतूने केलेला घात ठरतो. म्हणून कुपोषित किंवा मद्यासक्त रुग्णाला ग्लुकोजच्या आधी अथवा सोबत थायामिन देण्याचा दंडक आहे. ऑक्सिजनच्या अभावानेही लॅक्टेट वाढते. तेव्हा दोहोंत भेद करावा लागतो. ऑक्सिजन कमी पडला की NADH तुंबते आणि पायरुवेटच्या मानाने लॅक्टेट फार वाढते; एरवी दहा ते वीसच्या दरम्यान असणारे त्यांचे गुणोत्तर पंचविसाच्या वर जाते. पायरुवेटचीच वाट अडली असेल तर दोन्ही द्रव्ये बरोबरीने वाढतात व गुणोत्तर फारसे बदलत नाही. रक्तदाब व ऑक्सिजनचा पुरवठा ठीक असूनही लॅक्टेट चढत असेल, सलाइन देऊनही उतरत नसेल, तर थायामिनची आठवण व्हावी. ते टोचल्यावर काही तासांत आम्लता उतरू लागली तर निदानही झाले आणि उपचारही. पीटर्स यांच्या कुपीतील कसोटीच ही, फक्त कुपीच्या जागी रुग्ण.

आपल्या देशात हा विषय जुना झालेला नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतातील बेरीबेरी मुख्यतः आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर, कच्चा सडीक तांदूळ खाणाऱ्यांत दिसे. जेथे उकडा तांदूळ खाल्ला जाई तेथे ती सहसा नसे. भात सालीसकट भिजवून उकडले की कोंड्यातील थायामिनचा अंश दाण्यात मुरतो व नंतर सडले तरी बराचसा टिकतो. दक्षिण कोकण व गोव्यातील उकड्या तांदळाची पेज या दृष्टीने कोणी जाणूनबुजून योजिलेली नव्हती. पण तिच्यात हे संरक्षण होते. २०१० नंतरच्या दशकात काश्मीरमधील बालरोगतज्ज्ञांनी केवळ आईच्या दुधावर असलेल्या काही महिन्यांच्या बालकांत तीव्र लॅक्टिक आम्लतेची प्रकरणे नोंदविली. बाळंतिणीचा आहार पथ्यापोटी सडीक, पुन्हा पुन्हा धुतलेल्या तांदळापुरता आकुंचित झालेला असे. वरवर ही बालके जंतुदोषाने अत्यवस्थ झालेली वाटत. थायामिन मिळताच ती काही तासांत सावरत.

थायामिनची उणीव तपासण्याची प्रचलित पद्धत मात्र पायरुवेट डिहायड्रोजिनेज मोजत नाही. रक्त सहज मिळते, परंतु तांबड्या पेशींत तंतुकणिका नसतात आणि म्हणून हे संकुलही नसते. तेव्हा थायामिनवरच चालणारे ट्रान्सकिटोलेज हे दुसरेच विकर तांबड्या पेशींत मोजतात व सहविकर मिसळल्यावर त्याची गती किती वाढते ते पाहतात. म्हणजे आरोपी एक आणि जबानी शेजाऱ्याची, असा हा प्रकार आहे.

पीटर्स यांच्या मूळ सिद्धान्तालाही एक मर्यादा पडली आहे. सायट्रिक आम्ल चक्रात अल्फा-कीटोग्लुटारेट डिहायड्रोजिनेज हे अगदी याच घडणीचे, तेच पाच सहविकर वापरणारे आणि तिसरे विकरही हेच असलेले दुसरे संकुल आहे. थायामिन कमी केलेल्या उंदरांच्या मेंदूवरील नंतरच्या संशोधनात या दुसऱ्या संकुलाची क्रियाशीलता पायरुवेट डिहायड्रोजिनेजपेक्षा लवकर आणि अधिक घटलेली दिसली. पायरुवेट तुंबते हे निरीक्षण त्यामुळे खोटे ठरत नाही, कारण चक्र मंदावले की त्याच्या दाराशीही गर्दी होतेच. मात्र कबुतराची मान मागे वळविणारे क्षत दाराशी होते की आतल्या दालनात, आणि मेंदूचा खालचा भागच त्याला आधी का बळी पडतो, यांवर अद्याप एकमत झालेले नाही.